दातांच्या डॉक्टरांची भीती वाटणाऱ्या मोठ्या माणसांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न दवाखान्यात, फोनवर आणि मेसेजवर पुन्हा पुन्हा आलेले आहेत. बहुतेक तिशी ते साठीतल्या लोकांचे. काही जण दहा-बारा वर्षं दातांच्या दवाखान्याची पायरीही चढलेले नाहीत. मी दंतवैद्य आहे आणि माझा अनुभव असा आहे की ‘मला भीती वाटते’ या एका वाक्यामागे तीन-चार अगदी वेगवेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात, आणि प्रत्येकीवरचा उपाय वेगळा असतो. म्हणून खाली बऱ्याच ठिकाणी मी तुम्हालाच उलट विचारलं आहे की भीती नेमकी कशाची वाटते.

१. चाळिशी उलटली तरी दातांच्या डॉक्टरकडे जायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. इतकी भीती नॉर्मल आहे की माझंच काही बिघडलंय?

थोडी धाकधूक बहुतेकांना असते. ती किती आहे हे मोजण्यासाठी जगभर वापरली जाणारी एक छोटी प्रश्नावली आहे. गेरी हम्फ्रिस आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये ती तयार केली. त्यात पाचच प्रश्न आहेत. उद्या दातांच्या डॉक्टरकडे जायचं असेल तर कसं वाटेल? बाहेर बाकावर नंबरची वाट पाहताना? दात कोरायचा असेल तर? दात साफ करायचे असतील तर? आणि वरच्या मागच्या दाढेशेजारी हिरडीत इंजेक्शन द्यायचं असेल तर? प्रत्येक उत्तराला १ (अजिबात भीती नाही) ते ५ (प्रचंड भीती) गुण द्यायचे. बेरीज कमीत कमी ५ आणि जास्तीत जास्त २५ होते. १९ किंवा त्याहून जास्त आली, तर भीती तीव्र आहे असं धरतात आणि उपचाराची आखणीच वेगळी करावी लागते.

बेरजेपेक्षा मी एकेका उत्तराकडे जास्त लक्ष देतो. एकाला पहिल्या चार प्रश्नांना २-२ आणि इंजेक्शनला ५ असतात. दुसऱ्याला ‘उद्या जायचंय’ यालाच ५ असतात. पहिल्यासाठी प्रश्न ४ आणि ६ कामाचे आहेत, दुसऱ्यासाठी प्रश्न ८ आणि १०.

२. ही भीती येते कुठून? मला तर कधी कुणी मुद्दाम त्रास दिलेला आठवत नाही.

सगळ्यात जास्त वेळा ऐकू येणारं कारण म्हणजे दात नीट बधिर न होताच केलेलं काम, बहुधा लहानपणी किंवा कॉलेजच्या वयात. कुणीतरी खांदे दाबून धरले होते, ‘झालं, झालं’ म्हणत होते आणि ते होत मात्र नव्हतं. दुखणं तर असतंच, पण लोकांच्या मनात राहतं ते हे की मी हात वर केला, ओरडलो, तरी कुणी थांबलं नाही.

दुसरं कारण घरातून येतं. आईला किंवा मोठ्या भावाला दाढ काढून आल्यावर कळवळताना पाहिलेलं असतं, किंवा ‘गप्प बस नाहीतर दात काढायला नेईन’ हे वाक्य लहानपणी धाक म्हणून शंभरदा ऐकलेलं असतं. त्यामुळे स्वतःला काहीच वाईट अनुभव नसूनही भीती असू शकते. तिसरं कारण सुई आणि रक्त यांचं, त्याबद्दल प्रश्न ६ पाहा. चौथं कारण लाज, त्याबद्दल प्रश्न ७.

काही जणांना खुर्ची मागे करून आडवं झोपणं, तोंडावर कुणीतरी वाकणं आणि बोलता न येणं हेच असह्य होतं. यामागे कधी आयुष्यातला अत्याचाराचा अनुभव असतो. तसं असेल तर तपशील सांगायची अजिबात गरज नाही. ‘मला पूर्ण आडवं करू नका आणि हात लावण्याआधी सांगा’ एवढं म्हटलं की पुरे. खुर्ची अर्धी उभी ठेवून बरीचशी कामं होतात.

भीती वाढते कशी तेही पाहू. माणूस टाळतो, तेवढ्यापुरतं हायसं वाटतं. दरम्यान छोटी कीड नसेपर्यंत पोहोचते. शेवटी रात्री अडीच वाजता ठणका लागतो आणि माणूस येतो तो अशा दातासह, ज्याला बधिर करणं सगळ्यात अवघड असतं (प्रश्न ३). पुन्हा वाईट अनुभव येतो आणि पुढची दहा वर्षं टाळण्यात जातात.

३. मागच्या वेळी दोन-तीन इंजेक्शनं देऊनही रूट कॅनालला जीव जाईल इतकं दुखलं. डॉक्टर म्हणाले, ओठ जड झालाय म्हणजे दुखणार नाही. मग माझ्या शरीरावर औषध चालत नाही का?

औषध चालतं. तुमच्याबाबत काय झालं असावं ते सविस्तर सांगतो, कारण माझ्या मते मोठ्या माणसांतल्या निम्म्या भीतीची मुळं इथेच सापडतात.

खालच्या मागच्या दाढेसाठी जबड्याच्या आत, दाढांच्या मागे इंजेक्शन देऊन त्या बाजूची मुख्य नस बधिर करतात. तीन-पाच मिनिटांत ओठ जड होतो. पण ओठ जड होणं आणि दाढेच्या आतली नस पूर्ण बधिर होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्याला पंधरा मिनिटंही लागू शकतात. त्यात दाढेची नस आधीच सुजलेली असेल, म्हणजे गरम चहाने कळ जात असेल, रात्री आपोआप ठणकत असेल, तर तिच्यातले तंतू इतके चिडलेले असतात की नेहमीचं इंजेक्शन एकटं बऱ्याच वेळा पुरत नाही. आसपास सूज आणि पू असेल तर तिथलं आम्लही औषधाचा जोर कमी करतं.

म्हणून नीट करणारा डॉक्टर नुसत्या ओठावर विसंबत नाही. तो दाढेला बर्फाचा किंवा थंड फवाऱ्याचा बोळा लावून पाहतो. थंड जाणवलं तर कोरायला सुरुवात करायची नाही. मग जास्तीचे मार्ग असतात: दाढेच्या गालाकडच्या बाजूला आर्टिकेनचं इंजेक्शन, दात आणि हाड यांच्यामधल्या फटीत थोडं औषध, क्वचित थेट नसेत. काही डॉक्टर कामाच्या तासभर आधी आयबुप्रोफेन देतात, त्यानेही बधिरपणा चांगला बसतो. मात्र अल्सर, मूत्रपिंडाचा त्रास किंवा वेदनाशामक गोळीने दमा उसळत असेल तर ती घ्यायची नाही.

पुढच्या वेळी तुम्ही हे वाक्य म्हणा: ‘मागच्या वेळी ओठ जड होऊनही दुखलं होतं. सुरू करण्याआधी थंड लावून तपासाल का?’ हे ऐकून जो डॉक्टर वैतागेल त्याच्याकडे काम करून घेऊ नका, असं मी स्पष्ट सांगतो.

४. मला दुखण्याची नाही, इंजेक्शनचीच भीती आहे. ती सुई न दुखता देता येते का?

पूर्ण न दुखता असं वचन मी देणार नाही, पण बहुतेकांच्या कल्पनेपेक्षा खूपच कमी दुखवत देता येते. सुई केसासारखी बारीक असते. दुखतं ते जास्त करून औषध जोरात सोडल्यामुळे. एक मिलिलिटर औषध सोडायला साधारण एक मिनिट घ्यायचं असतं. घाईत ते दहा सेकंदांत ढकललं की आतल्या ऊती ताणल्या जातात आणि भाजल्यासारखं होतं.

सुईच्या आधी हिरडी कापसाने कोरडी करून बधिर करणारी जेल लावतात. ती किमान दोन मिनिटं ठेवावी लागते. लावली आणि लगेच सुई टोचली तर उपयोग होत नाही, आणि ओल्या हिरडीवर लावली तर लाळेबरोबर घशात जाऊन उगीच घसा जड होतो. टाळूकडची जागा मात्र चिवट असते. तिथे जेल फारशी काम करत नाही आणि चिमटा जाणवतोच. हे आधी सांगितलं तर रुग्ण सहन करतो. ‘काहीच होणार नाही’ सांगून टोचलं तर पुढचा शब्द तो खरा मानत नाही.

सुई बघायची नसेल तर तसं सांगा. उलट काहींना सुई बघितल्यावरच बरं वाटतं. दोन्ही चालतं.

५. इंजेक्शन दिल्याबरोबर छातीत धडधडलं, हात थरथरले. मला त्या औषधाची ॲलर्जी आहे का?

जवळजवळ नक्कीच नाही. बधिर करणाऱ्या औषधात, म्हणजे बहुधा २ टक्के लिग्नोकेनमध्ये, थोडं ॲड्रेनालिन मिसळलेलं असतं, म्हणजे औषध जागेवर जास्त वेळ टिकतं आणि रक्त कमी येतं. त्यातलं थोडं रक्तात गेलं की मिनिट-दोन मिनिटं धडधड होते. घाबरलेल्या माणसाचं शरीर स्वतःचं ॲड्रेनालिन सोडत असतंच, त्यात ही भर. पाचेक मिनिटांत उतरतं.

लिग्नोकेनची खरी ॲलर्जी फारच दुर्मीळ आहे. अंगावर गांधी उठणं, ओठ-डोळे सुजणं, श्वास घरघरणं अशी लक्षणं झाली असतील तर मात्र कुठलं औषध होतं ते शोधून तज्ज्ञांकडून चाचणी करून घ्या. नुसती धडधड झाली म्हणून ‘इंजेक्शन चालत नाही’ असा शिक्का आयुष्यभर बाळगणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांनी बधिर न करताच दाढा काढून घेतल्या होत्या.

६. सुई किंवा रक्त पाहिलं की मला चक्कर येते, एकदा खुर्चीतच बेशुद्ध पडलो. हे भीतीमुळेच का?

हा भीतीचा वेगळा प्रकार आहे आणि याचं शरीरशास्त्रही वेगळं आहे. एरवी भीतीने रक्तदाब आणि ठोके वाढतात. इथे ते आधी वाढतात आणि मग एकदम कोसळतात. घाम फुटतो, कानात आवाज येतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. घरात आई-वडिलांपैकी कुणाला तरी हाच त्रास बऱ्याचदा असतो.

इथे एक गंमत नाही तर धोका आहे: अशा माणसाला ‘अंग सैल सोड, शांत हो’ सांगणं उलटं पडू शकतं, कारण सैल सोडल्याने रक्तदाब आणखी उतरतो. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्ट यांनी याच लोकांसाठी स्नायू ताणण्याची पद्धत विकसित केली. हात, पाय आणि पोट यांचे स्नायू १० ते १५ सेकंद घट्ट आवळायचे, चेहरा गरम झाल्यासारखा वाटेपर्यंत. मग २०-३० सेकंद नेहमीच्या स्थितीत यायचं, पूर्ण ढिलं पडायचं नाही. असं पाच वेळा. घरी आठवडाभर सराव करा आणि सुईच्या आधी खुर्चीत सुरू करा.

आणखी एक अगदी आपल्याकडचं कारण. लोक संकष्टीचा किंवा एकादशीचा उपास धरून येतात, किंवा ‘दाताचं काम आहे म्हणून काही खाल्लं नाही’ म्हणतात. नुसतं बधिर करून काम करायचं असेल तर दीड-दोन तास आधी व्यवस्थित जेवून या. उपाशी पोट, घाबरलेलं मन आणि सुई एकत्र आली की चक्कर येणारच. (गुंगी देणार असतील तर नियम वेगळा, प्रश्न १२ पाहा.)

७. माझे दात इतके खराब आहेत की तोंड उघडायची लाज वाटते. डॉक्टर ओरडतील का?

हा प्रश्न विचारताना लोकांचा आवाज खाली जातो. मिश्रीने काळे पडलेले दात, तंबाखूचे डाग, तुटलेली मुळं, तोंडाचा वास. पूर्वी कुणीतरी ‘इतके दिवस काय करत होता?’ असं चारचौघांत विचारलेलं असतं आणि त्यानंतर दहा वर्षं गेलेली असतात.

ओरडणं ही डॉक्टरची चूक आहे, तुमची नाही. पहिल्या फोनवरच सांगा: ‘खूप वर्षांनी येतोय, दात खराब आहेत, मला त्यावरून ऐकून घ्यायचं नाही. आधी फक्त बघून सांगा.’ रिसेप्शनवरच्या मुलीने यावर कसं उत्तर दिलं यावरून दवाखान्याचा बराच अंदाज येतो.

८. पहिल्या भेटीत डॉक्टरांना नेमकं काय सांगू? नुसतं ‘भीती वाटते’ म्हटलं की ‘काही होत नाही’ एवढंच उत्तर मिळतं.

भीतीचं नाव सांगा. आवाजाची, सुईची, गुदमरण्याची, दुखण्याची की थांबवता न येण्याची. मग थांबवण्याची खूण ठरवा. आम्ही बहुधा उजव्या बाजूला बसतो, म्हणून डावा हात वर. खूण ठरल्यावर काम सुरू होण्याआधी एकदा ती वापरून पाहायला मागा: डॉक्टर नुसता आरसा तोंडात धरतील, तुम्ही हात वर कराल, त्यांनी हात बाहेर काढायचा. हे पोरकट वाटेल, पण ज्याला पूर्वी कुणी थांबलं नव्हतं त्याच्या शरीराला ‘इथे थांबतात’ हे शब्दांनी पटत नाही, पाहिल्यावर पटतं.

अपॉइंटमेंट सकाळची पहिली मागा. दिवसभर वाट पाहत बसावं लागत नाही आणि दवाखाना अजून मागे पडलेला नसतो. पहिली भेट फक्त बोलणं आणि एक्स-रे एवढीच ठेवावी, अशी माझी पद्धत आहे.

९. खुर्चीत बसल्यावर मी स्वतः काय करू शकतो?

श्वास सोडण्याकडे लक्ष द्या. चारपर्यंत मोजत नाकाने घ्या, सहा-सातपर्यंत मोजत सोडा. घाबरलेला माणूस वरच्या वर भराभर श्वास घेतो, त्याने बोटांना मुंग्या येतात आणि ‘मला काहीतरी होतंय’ असं वाटून भीती दुप्पट होते. चक्कर येणाऱ्यांनी मात्र प्रश्न ६ मधली पद्धत वापरावी. आवाजाचा त्रास असेल तर इअरफोन चालतो, एकाच कानात ठेवा म्हणजे डॉक्टरांचं बोलणं ऐकू येईल.

काम संपल्यावर लगेच, दवाखान्यातच, किती दुखलं ते ० ते १० मध्ये कागदावर लिहून ठेवा. याला कारण आहे. मानसशास्त्रज्ञ जी. केंट यांच्या १९८५ च्या अभ्यासात लोकांना काम होण्याआधी, झाल्यावर लगेच आणि तीन महिन्यांनी दुखण्याबद्दल विचारलं होतं. तीन महिन्यांनंतरची आठवण प्रत्यक्ष दुखण्यापेक्षा आधीच्या धास्तीशी जास्त जुळत होती, आणि हे जास्त घाबरणाऱ्यांत ठळक होतं. म्हणजे चांगला अनुभव आला तरी काही महिन्यांत मन तो पुसून जुनी भीती परत लिहितं. पुढच्या वेळी तो कागद खिशातून काढून बघता येतो.

१०. हे सगळं करून खरंच कुणाची भीती गेलीय का? किती वेळ लागतो?

एक उदाहरण देतो. ओळख पटू नये म्हणून बाह्य तपशील बदलले आहेत. पंचेचाळिशीच्या एक बाई, चौदा वर्षं दातांकडे फिरकलेल्या नव्हत्या. प्रश्नावलीत २२ गुण. विसाव्या वर्षी ठणकणारी दाढ नीट बधिर न होता काढली गेली होती. आता खालच्या डाव्या दाढेला रूट कॅनाल लागणार होता, वर दोन दातांना कीड होती.

पहिल्या दिवशी खुर्चीत बसून फक्त बोलणं झालं, हातात एकही हत्यार नाही. दुसऱ्या भेटीत आरसा, एक्स-रे आणि हात वर करून थांबवायचा सराव. त्यांनी अर्ध्या तासात अकरा वेळा हात वर केला आणि अकराही वेळा आम्ही थांबलो. तिसऱ्या भेटीत पुढचे खालचे दात साफ केले, आधी हाताच्या हत्याराने, मग मशीनचा आवाज लांबून ऐकवून. चौथ्या भेटीत वरच्या दाताला इंजेक्शन. वरचं हाड सच्छिद्र असल्याने तिथे दात सहज बधिर होतो, म्हणून मुद्दाम तिथून सुरुवात केली. त्यांनी दुखण्याची भीती ९ लिहिली होती, प्रत्यक्षात २ लिहिले.

रूट कॅनालच्या दिवशी त्या जिन्यातून परत गेल्या. दोन दिवसांनी आल्या तेव्हा वायूची गुंगी वापरली (प्रश्न १३), आणि तरीही थंड बोळा लावून दाढ तपासल्यावर थोडं जाणवलं, म्हणून गालाकडून आणखी औषध दिलं. त्या दाढेची पुढची भेट त्यांनी वायूशिवाय पार पाडली. एकूण सात भेटी, अडीच महिने. आता सहा महिन्यांनी साफसफाईला येतात. सुईच्या वेळी अजूनही डोळे मिटून घेतात.

भीती फार खोल असेल तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशकाकडे विचार-वर्तन उपचार घेता येतात. लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये दातांच्या भीतीसाठीच अशी सेवा आहे. तिथल्या १३० रुग्णांच्या २०१५ मधल्या अहवालात सरासरी पाच भेटींनंतर ७९ टक्के लोकांनी गुंगीशिवाय दातांचं काम करून घेतलं.

११. घरात आईची झोपेची गोळी आहे, अल्प्राझोलम. जायच्या आधी अर्धी घेतली तर चालेल का?

नाही. ही गोळी डॉक्टर स्वतः लिहून देऊ शकतात, बहुधा कमी मात्रेत, आदल्या रात्री आणि कधी तासभर आधी. फरक असा की त्यांना तुमचं वय, वजन, बाकी औषधं माहीत असतात आणि तुम्ही गोळी घेतलीय हेही माहीत असतं. तुम्ही लपवून घेतली, वरून ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामक गोळी किंवा थोडी दारू पोटात असेल, तर श्वास मंदावू शकतो. रात्री जोरात घोरणाऱ्यांना आणि श्वास अडकणाऱ्यांना हा धोका जास्त. वयस्कर माणसं उलट गोंधळतात, जिन्यात पडतात.

गोळीचा आणखी एक अडसर म्हणजे ती कुणाला किती लागेल याचा नेम नसतो आणि पोटात गेली की कमी करता येत नाही. घेतलीच असेल तर खुर्चीत बसण्याआधी सांगा आणि स्कूटर चालवत येऊ नका.

१२. गुंगी देऊन काम करतात म्हणजे पूर्ण भूल देतात का? आणि ती कधी द्यायची हे कोण ठरवतं?

गुंगीत तुम्ही जागे असता किंवा पेंगत असता, पण ‘तोंड उघडा’ म्हटलं की उघडता आणि श्वास स्वतः घेता. पूर्ण भूल म्हणजे बेशुद्ध करणं, ते प्रश्न १४ मध्ये. गुंगीचे तीन मार्ग आहेत: गोळी, नाकाने वायू आणि शिरेतून औषध.

लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज असा की गुंगी दिली की बधिर करायची गरज नाही. गुंगी धास्ती कमी करते, दाताचं दुखणं थांबवत नाही. हिरडीतलं इंजेक्शन द्यावंच लागतं, फक्त तुम्हाला त्याचं फारसं काही वाटत नाही.

मी गुंगीचा विचार कधी करतो? प्रश्न ८ ते १० मधलं सगळं करूनही काम पुढे सरकत नसेल तेव्हा. काम मोठं आणि लांब असेल, जसं आडव्या अक्कलदाढा, तेव्हा. दुखणं आत्ता आहे आणि हळूहळू सवय लावायला वेळच नाही तेव्हा. आणि ओकारी आल्याशिवाय तोंडात काहीच जात नसेल तेव्हा.

शिरेतून बहुधा मिडाझोलम देतात, आपल्याकडे भूलतज्ज्ञ सोबत असतात आणि असावेतच. एकदम सगळं न देता साधारण एक मिलिग्रॅमपासून सुरू करून, थांबून, पाहून पुढची मात्रा देतात. बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा लावलेला हवा. त्यावर उतारा म्हणून फ्लुमॅझेनिल आणि ऑक्सिजन हाताशी हवा. हे दोन्ही आहे का, असं तुम्ही बेधडक विचारा.

सहा तास आधीपासून खाणं बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. दुधाचा चहा पाण्यात धरायचा नाही, तो खाण्यात धरतात. इथे बरेच जण चुकतात आणि काम पुढे ढकलावं लागतं. सोबत मोठं माणूस हवं, आणि २४ तास गाडी चालवायची नाही, सह्या करायच्या नाहीत. मिडाझोलमने त्या तासाभराची आठवण बरीचशी पुसली जाते. काहींना हेच हवं असतं. पण आठवतच नाही म्हणून ‘मला जमलं’ हा अनुभवही जमा होत नाही, आणि पुढच्या वेळी भीती होती तिथेच असते. म्हणून सोबत प्रश्न १० मधलं काम चालू ठेवावं लागतं.

१३. तो हसवणारा वायू काय असतो? मी खरंच हसत सुटेन का?

नायट्रस ऑक्साईड. डिसेंबर १८४४ मध्ये अमेरिकेत हार्टफर्डच्या होरेस वेल्स या दंतवैद्याने तो स्वतः हुंगून स्वतःची दाढ काढून घेतली होती. म्हणजे या वायूचा भूल म्हणून इतिहासच दातापासून सुरू होतो.

नाकावर छोटा मास्क ठेवतात. आधी नुसता ऑक्सिजन, मग वायू थोडा थोडा वाढवत नेतात, बहुतेकांना ३० ते ५० टक्क्यांत पुरतं. हातापायांना मुंग्या येतात, अंग उबदार आणि हलकं वाटतं, आवाज लांबून आल्यासारखे वाटतात. हसू येईलच असं नाही. मळमळ व्हायला लागली किंवा खोली फिरू लागली तर मात्रा जास्त झाली, लगेच सांगा, कमी केली की मिनिटभरात बरं वाटतं. शेवटी पाच मिनिटं नुसता ऑक्सिजन देतात. हा वायू सगळ्या दवाखान्यांत नसतो. मोठ्या शहरांतल्या काही दवाखान्यांत आणि दंत महाविद्यालयांत चौकशी करा.

नाक चोंदलं असेल तर तो चालत नाही. गरोदरपणाचे पहिले तीन महिने, डोळ्याच्या पडद्याचं वायू भरून केलेलं अलीकडचं ऑपरेशन, फुप्फुसांचा जुना मोठा आजार असेल तरी टाळतात. आणि हा वायू बी-१२ जीवनसत्त्व निकामी करतो. आपल्याकडे शाकाहारी लोकांत बी-१२ आधीच कमी असणं सर्रास आढळतं. पायांना मुंग्या, तोल जाणं असा त्रास असेल किंवा कमतरता माहीत असेल तर आधी सांगा. आधी ती भरून काढतात.

१४. एकदाच पूर्ण भूल देऊन सगळे दात नीट करून घेतले तर कटकट संपेल ना?

मोह समजतो, पण पूर्ण भूल मी शेवटी ठेवतो. ती हॉस्पिटलमध्येच, भूलतज्ज्ञांच्या हाती द्यायची असते, तपासण्या लागतात, खर्च बराच होतो. मोठी अडचण अशी की भूल दिलेली असताना वेळ मर्यादित असतो, म्हणून जे दात दोन-तीन भेटींत वाचले असते ते काढून टाकण्याकडे कल जातो. दर सहा महिन्यांनी साफसफाईसाठी काही भूल देता येत नाही, त्यामुळे दोन वर्षांनी माणूस पुन्हा तिथेच. तीव्र बौद्धिक अपंगत्व, जबड्याचं मोठं ऑपरेशन किंवा बाकी सगळं फसलेलं असेल तर ती योग्यच असते.

१५. माझा बीपी वाढलेला असतो, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. गुंगी, इंजेक्शन चालेल का?

बधिर करण्याचं इंजेक्शन बहुतेक हृदयरुग्णांना चालतं, मात्रा सांभाळून. भीतीने बीपी चढतोच, म्हणून खुर्चीत पाच-दहा मिनिटं बसवून पुन्हा मोजतात. १८०/११० च्या वर राहिला तर तातडीचं नसलेलं काम पुढे ढकलतात. रक्त पातळ करायची गोळी मनाने बंद करू नका. तिच्यावर असतानाही बऱ्याच दाढा काढता येतात, तो निर्णय तुमचे हृदयविकारतज्ज्ञ आणि दंतवैद्य मिळून घेतील. गरोदर असाल तर लिग्नोकेन चालतं, अल्प्राझोलम-मिडाझोलम टाळतात.

१६. वरची दाढ काढली की नजर अधू होते म्हणतात. म्हणून मी घाबरते.

होत नाही. वरच्या दातांच्या नसा आणि दृष्टीची नस वेगळ्या आहेत. ज्या वयात दाढा पडू लागतात त्याच वयात चष्म्याचा नंबरही वाढतो, त्यातून ही समजूत आली असावी. वरच्या दाढेचं मूळ गालाच्या हाडातल्या पोकळीजवळ असतं, हे मात्र खरं. काढल्यावर पाणी पिताना नाकात येऊ लागलं तर लगेच दाखवा.

१७. गाल सुजलाय, पण भीतीने जात नाहीये. लवंग आणि अँटिबायोटिक घेऊन सूज उतरेल तोवर थांबू का?

अँटिबायोटिकने सूज आठवडाभर उतरेलही, पण दाताच्या आतला मेलेला भाग तिथेच राहतो आणि सूज परत येते. नुसता ठणका असेल आणि सूज नसेल तर अँटिबायोटिकचा उपयोगच नसतो. लवंगेने तासभर बरं वाटतं, पण कापसाला तेल लावून रात्रभर हिरडीवर ठेवलं तर हिरडी भाजते.

सूज गालापुरती असेल तर दोन-तीन दिवसांत अपॉइंटमेंट घ्या आणि प्रश्न ८ मधलं सगळं फोनवरच सांगा. पण सूज जबड्याखाली किंवा जिभेखाली पसरत असेल, गिळायला त्रास होत असेल, लाळ बाहेर गळत असेल, आवाज जड झाला असेल, ताप असेल किंवा तोंडात दोन बोटंही उभी जात नसतील, तर दातांच्या दवाखान्याचीही वाट पाहू नका. त्या सुजेने श्वासाची वाट बंद होऊ शकते. रात्र असली तरी सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा. तिथे भीतीबद्दल कुणी काही म्हणणार नाही, ते आधी श्वास बघतील.